हरलेल्या बाजूचं आत्मचरित्र

‘शास्त्रज्ञांची चरित्रं वाचून कुणी संशोधनाची वाट धरू नये. ती सगळी जिंकलेल्यांची पुस्तकं असतात. हरलेल्यांचं चरित्र कोण छापतो?’

हा युक्तिवाद हल्ली इंदापूर-बारामतीकडच्या महाविद्यालयांत वरचेवर ऐकू येतो, आणि तो करणारी माणसं शहाणी आहेत. त्यांच्यासमोर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं असतात. घरी दोन-चार एकर ऊस, मोठा भाऊ कारखान्यावर, मित्र स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेले. अशा मुलानं एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करावी की नाही, हे एखादं भारावून टाकणारं पुस्तक वाचून ठरू नये, अशी या शिक्षकांची कळकळ आहे. ती मला मान्य आहे. मीही भौतिकशास्त्र शिकवतो आणि भारावलेली मुलं मीही पाहिली आहेत. पण कळकळ खरी असली म्हणून युक्तिवाद बरोबर ठरत नाही. या युक्तिवादाचा पाया असा आहे की चरित्रात फक्त विजय सापडतो. मराठी वाचकाच्या हाताशी असलेल्या सर्वांत प्रसिद्ध वैज्ञानिक आत्मचरित्रालाच तो लावून पाहू.

जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे यशाची जी जी खूण मानतात ती या माणसाच्या नावावर आहे. बनारस, केंब्रिज, रँग्लर, पद्मभूषण, पद्मविभूषण, पुण्यातलं आयुका. गौरव समारंभात हीच यादी वाचली जाते आणि चरित्रांचे विरोधकही तिच्याकडेच बोट दाखवतात. यादीत एक गोष्ट नसते. ज्या विश्वशास्त्रीय बाजूनं नारळीकर तरुणपणापासून लढले, ती बाजू हरली.

हे जरा सावकाश सांगायला हवं, कारण सगळा मुद्दा तपशिलात आहे. १९४८ साली फ्रेड हॉयल, हरमन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं, पण पावता पावता अत्यल्प प्रमाणात नवं द्रव्य निर्माण होत राहतं, त्यामुळे कोणत्याही काळी पाहिलं तरी ते सरासरीनं सारखंच दिसतं. नारळीकर केंब्रिजला हॉयल यांचे संशोधक विद्यार्थी झाले तेव्हा त्याच गावात मार्टिन राइल हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ या सिद्धांतावर घाव घालायच्या तयारीत होते. त्यांचं हत्यार साधं होतं, मोजणी. आकाशातले रेडिओ स्रोत मोजायचे आणि मंद मंद स्रोतांपर्यंत जाताना त्यांची संख्या कशी वाढते ते पाहायचं.

बी.एस्सी.च्या मुलाला हे गणित वहीच्या अर्ध्या पानावर करता येतं. स्रोत अवकाशात सारखे पसरले असतील आणि आपण तेजस्वितेची मर्यादा एक चतुर्थांशावर आणली, तर आपल्याला दुप्पट अंतरापर्यंतचं दिसतं. दुप्पट अंतर म्हणजे आठपट आकारमान, म्हणून संख्या आठपट व्हायला हवी. स्थिर स्थितीच्या सिद्धांतानुसार प्रसरणामुळे ती आठाच्याही खाली राहायला हवी. १९६१ च्या सुरुवातीला राइल यांनी जाहीर केलेल्या मोजणीतून ती सुमारे बारापट येत होती. दूरचे स्रोत जास्त, म्हणजे पूर्वी विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं. मग ‘नेहमी सारखंच’ कसं?

राइल यांनी हे जाहीर केलं ते पत्रकार परिषदेत. हॉयल आणि त्यांच्या पत्नीला तिथं बोलावलं होतं, हॉयल यांना व्यासपीठावर बसवलं होतं, पण काय जाहीर होणार हे आधी सांगितलं नव्हतं. हा प्रसंग हॉयल यांनी आपल्या १९९४ च्या आत्मचरित्रात लिहिला आहे आणि त्यातली जळजळ तेहतीस वर्षांनंतरही निवलेली नाही. उत्तर द्यायला थोडाच वेळ होता. हॉयल आणि नारळीकर यांनी गणित मांडलं की स्रोत झुबक्या-झुबक्यांनी पसरलेले असतील आणि आपण त्यांतल्या विरळ भागात असू, तर जवळचे तेजस्वी स्रोत कमी भरतील आणि मोजणीचा चढ फसवा निघेल. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेब्रुवारीतल्या बैठकीत हे मांडायचं होतं. हॉयल यांना त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून ते काम विद्यार्थ्यावर आलं. बावीस वर्षांचा, संशोधनाला लागून वर्षही न झालेला मुलगा राइलसारख्या माणसाच्या विरोधात उभा राहिला.

आपल्याकडे हा प्रसंग ‘मराठी मुलानं केंब्रिज गाजवलं’ असा सांगितला जातो. तिथंच थांबलं तर विरोधकांचं म्हणणं खरं ठरतं. पण पुढे वाचा. राइल यांचा आकडा टिकला. तपशील सुधारत गेले, तरी मंद स्रोतांचं आधिक्य नाहीसं झालं नाही. १९६४ साली हॉयल-नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत रॉयल सोसायटीत मांडला गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत नारळीकरांचं नाव आलं. त्याच व्याख्यानानंतर स्टीफन हॉकिंग नावाचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला की प्रसरणशील विश्वात तुमची ही बेरीज अनंत होते. पुढे हॉकिंगच्या पीएच.डी. प्रबंधाचं पहिलं प्रकरणच या अडचणीवर होतं. १९६५ साली भारत सरकारनं सव्वीस वर्षांच्या नारळीकरांना पद्मभूषण दिलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांनी सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं प्रसिद्ध केलं. उष्ण आरंभ असलेल्या विश्वात असं प्रारण उरायलाच हवं होतं. स्थिर स्थितीच्या विश्वात त्याला सहज जागा नव्हती. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांसाठी वाद तिथं संपला.

ज्या वर्षी गावोगाव सत्कार होत होते, त्याच वर्षी पायाखालची जमीन गेली. आता सांगा, हे जिंकलेल्याचं पुस्तक आहे का?

यावर मला उत्तर मिळतं, ‘पण ते तर मोठे झालेच ना!’ झाले, आणि मला नेमकं हेच विद्यार्थ्याला दाखवायचं आहे. १९६५ नंतरची जवळपास साठ वर्षं नारळीकर काम करत राहिले. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बरबिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताचं नवं रूप मांडलं. त्यात सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात होता आणि तो प्रकाश शोषून एकसारखा करायला अवकाशात लोखंडाच्या सूक्ष्म सुया कल्पिल्या होत्या. बहुतेकांना ते पटलं नाही. नारळीकरांनी मत सोडलं नाही आणि कामही सोडलं नाही. १९७२ मध्ये ते भारतात परतले, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शिकवलं, १९८८ मध्ये आयुका उभं केलं, आणि तिथं त्यांच्या मताचे नसलेले कितीतरी लोक वाढले. हे चिकाटीचं उदाहरण आहे की हट्टाचं? माझं मत विचाराल तर १९६१ मध्ये ती चिकाटी होती. राइल यांच्या आधीच्या, १९५५ च्या यादीत हाच आठाचा आकडा चौसष्टाच्या आसपास आला होता आणि सिडनीच्या मोजणीनं ती यादी बरीचशी चुकीची ठरवली होती. एकदा चुकलेल्याच्या नव्या आकड्यावर शंका घेणं हे शास्त्रज्ञाचं कामच. १९९३ ची गोष्ट मला तितकी पटत नाही. तोपर्यंत उपग्रहानं त्या प्रारणाचा वर्णपट मोजला होता आणि तो इतका काटेकोर निघाला होता की सुयांची कल्पना ओढूनताणून आणल्यासारखी वाटते. दुसरा कुणी याच्या उलट म्हणेल. चरित्र वाचताना विद्यार्थ्यानं हा वाद घालावा. कोणत्या वर्षापर्यंत मी या माणसाबरोबर राहिलो असतो? कोणत्या पुराव्यानंतर निघालो असतो? निघालो असतो तर माझ्या गुरूला काय सांगितलं असतं? संशोधनाची वाट धरणाऱ्याला हे प्रश्न पहिल्या पाच वर्षांतच भेटतात. तो विश्वावर काम करो की उसावरच्या लोकरी माव्यावर.

इथं ‘अग्निपंख’बद्दल बोलायला हवं, कारण आपल्या भागात ‘शास्त्रज्ञाचं पुस्तक’ म्हणजे तेच. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस म्हणून तेच मिळतं, निरोप समारंभात तेच मिळतं. माधुरी शानभागांचा अनुवाद चांगला आहे, पुस्तकही चांगलं आहे. पण संशोधन करावं की नाही या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. अब्दुल कलाम एका प्रकल्पाचे प्रमुख होते. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात पडलं. चौकशी झाली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप नीट बंद न झाल्यामुळे ॲसिड गळून गेलं होतं, असं निष्पन्न झालं. दुरुस्ती झाली आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. अपयश, कारण, दुरुस्ती, यश, सगळं अकरा महिन्यांत.

अशा कामाची ज्याला ओढ आहे, त्यानं लांब जायचीही गरज नाही. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरींची आवरणं बनली आहेत. तिथल्या वेल्डिंगच्या एका जोडाची तपासणी कशी होते हे पाहणं त्या मुलाला दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवेल. पण ते अभियांत्रिकी आहे. तिथं समुद्रात पडलेलं यान सगळ्यांना दिसतं. राइल यांच्या बारा या आकड्यानं हॉयल-नारळीकर यांचं नक्की काय पडलं, हे त्या दिवशी कुणालाच खात्रीनं सांगता आलं नसतं. कलामांचं अपयश सोसता येईल असं वाटणारा मुलगा नारळीकरांचं अपयश सोसू शकेलच असं नाही. कुणाला दुसऱ्या प्रकारचंच जास्त झेपेल. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की हा फरक कळतो. एकच वाचलं तर कळत नाही, आणि काहीच वाचू नका म्हणणाऱ्यांनी तर ही सोयच काढून घेतली आहे.

विरोधकांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. ‘ती घरं वेगळी होती’ असं ते म्हणतात. होतीच. नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, स्वतः केंब्रिजला शिकलेले. आई संस्कृतच्या जाणकार. केंब्रिजचं नाव ज्या घरात दुधाच्या हिशेबासारखं निघत असे, त्या घराचं आत्मचरित्र निमगाव केतकीच्या मुलाला खर्चाचा अंदाज देणार नाही. तो अंदाज आजच्या आकड्यांतून घ्यावा लागतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्याही पाठ्यवृत्त्या आहेत. पैसे कधी कधी महिनोन्महिने येत नाहीत आणि तोवर मेसचं बिल कोण भरणार हे घरी आधी ठरवावं लागतं. हे कोणत्याही थोर चरित्रात मिळत नाही. त्यासाठी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात असलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारावं, आणि त्यांतला एक तरी मधेच सोडून गेलेला असावा.

पण ‘घर’ हा शब्द काढलाच आहे तर तो पुरता वापरू. त्याच घरात आणखी एक गणिती होती. मंगला राजवाडे १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून गणित घेऊन एम.ए. झाल्या, पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधनाला लागल्या. मग जयंतरावांशी लग्न, केंब्रिज, मुली, घर. संख्याशास्त्रातली नव्हे, संख्यांच्या सिद्धांतातली त्यांची पीएच.डी. पूर्ण झाली १९८१ मध्ये. एका बाजूला ‘चार नगरं’ आहेत, दुसऱ्या बाजूला ही सतरा वर्षं. वर्गात निम्म्याहून जास्त मुली बसलेल्या असतात, आणि त्यांच्यापैकी एखादीनं विचारलं की संशोधन करू का, तर जयंतरावांच्या पुस्तकाइतकंच हे सतरा वर्षांचं अंतरही तिच्यासमोर ठेवावं लागेल. लग्नाचं ठरवताना कोण कुणाच्या बदलीमागे जाणार, मुलं लहान असताना कुणाचं काम थांबणार, हे तिनं आधीच विचारावं. जिला आणखी वाचायचं असेल तिनं रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’ मिळवावं. इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसनं ते २००८ मध्ये काढलं. त्यात भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांनी आपापल्या वाटा छोट्या लेखांतून सांगितल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींची नावं आपण कधी ऐकलेली नसतात. ‘जिंकलेल्यांचीच चरित्रं’ म्हणणाऱ्यांनी ते चाळायला हरकत नाही.

चरित्रांविरुद्धचा खरा आक्षेप विरोधकांनी केलेलाच नाही, म्हणून तो मीच करतो. चरित्र एकट्या माणसाचं असतं आणि बहुतेक संशोधन एकट्याचं नसतं. इंदापूर तालुक्यात कुठल्याही बांधावर ‘८६०३२’ म्हणा. शेतकरी लगेच उतारा, फुटवे, खोडवा यांवर बोलू लागेल. हा आकडा म्हणजे उसाचा एक वाण. त्याला कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९८६ मध्ये क्रमांक मिळाला, म्हणून पुढे ८६. नीरेजवळच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात त्याची परीक्षा झाली आणि साधारण दहा वर्षांनी तो महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी शिफारस झाला. पण हा वाण कुणी काढला, हे त्या बांधावर कुणालाही सांगता येणार नाही. मलाही एक नाव घेता येणार नाही, कारण एक नाव घेण्यासारखं ते कामच नाही. संकरातून हजारो रोपं येतात. वर्षागणिक त्यांतली बहुतेक टाकून दिली जातात. उरलेली आडसाली लावून पाहायची तर सोळा-अठरा महिने, मग त्याचाच खोडवा घेऊन आणखी वर्ष. म्हणजे एका फेरीला अडीच वर्षं. पाच वर्षांच्या पीएच.डी.त अशा दोन फेऱ्या बसतात, आणि त्यात एखादं वर्ष दुष्काळाचं निघालं की एकच. अशा कामाचं आत्मचरित्र कुणी लिहीत नाही आणि लिहिलं तर प्रकाशक मिळत नाही. म्हणून चरित्रं वाचणाऱ्या मुलाला संशोधन म्हणजे राइल विरुद्ध हॉयल असं वाटत राहतं. प्रत्यक्षात बारामतीच्या माळेगाव खुर्दला माळरानावर उभ्या राहिलेल्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत किंवा पाडेगावला जे चालतं, त्यातच देशातले बरेचसे संशोधक आयुष्य काढतात.

या उणिवेवर उपाय चरित्रं बंद करणं हा नाही. नारळीकरांचं पुस्तक वाचलेला मुलगा पाडेगावला गेला तर तो ‘आपण कोणता वाण शोधून काढला?’ असं विचारणार नाही. तो विचारेल की गेल्या दहा वर्षांत कोणत्या क्रमांकांचे वाफे नांगरून टाकले, ते टाकायचं कोणत्या वर्षी ठरलं, आणि एखाद्या क्रमांकासाठी कुणी अडून बसलं होतं का. हा प्रश्न मुलाला सुचावा असं विरोधकांना वाटत असेल, तर तो सुचायला आधी त्यानं काय वाचलेलं असावं, हे त्यांनीच मला सांगावं.